ऊसतोडीच्या फडात डबली लेबल्ड वॉटर : चौदा दिवस की सात?

प्रश्न : पोषणशास्त्रात पीएचडी करतोय. ऊसतोड कामगार दिवसाला किती कॅलरी खर्च करतात ते मोजायचंय. गाइड म्हणतात डबली लेबल्ड वॉटरच वापर, चौदा दिवसांचा प्रोटोकॉल तयारच आहे. पण ही माणसं दिवसाला सहा-सात लिटर पाणी पितात आणि तेवढा घाम गाळतात. एवढ्या पाण्यात ती खूण वाहून नाही का जाणार? त्यापेक्षा मनगटाला बँड लावले तर?

उत्तर :

तुमची शंका रास्त आहे, फक्त ती थोडी चुकीच्या जागी लागली आहे. डबली लेबल्ड वॉटर (आम्ही लॅबमध्ये नुसतं डीएलडब्ल्यू म्हणतो) फडावर चालतं. मात्र चौदा दिवस नको, सात दिवस करा. आणि टोळी कारखान्यावर उतरल्या उतरल्या तर मुळीच सुरू करू नका. ही दुसरी गोष्ट मी स्वतः आपटून शिकले आहे, ती पुढे सांगते.

बँडचं आधी उरकून टाकते. ऊस तोडताना कोयत्याचा हात सपासप चालतो, तो हिशेब बँड धरतो. पण मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना हात मोळीला धरलेला असतो, जवळजवळ स्थिर. दिवसातलं सर्वांत जड काम तेच आणि बँडच्या लेखी माणूस तेव्हा रमतगमत चाललेला असतो. बँड लावा, पण कोणत्या वेळी हालचाल जास्त झाली हे पाहण्यापुरतेच. कॅलरी त्यांना विचारू नका.

आता खूण वाहून जाण्याबद्दल. ती वाहून जायलाच हवी, किती वेगाने जाते हेच तर आपण मोजतो. पाण्यात दोन खुणा असतात : जड हायड्रोजन म्हणजे ड्युटेरियम आणि जड ऑक्सिजन म्हणजे ऑक्सिजन-१८. दोन्ही स्थिर आहेत, किरणोत्सर्गी नाहीत. माणसाने ते पाणी प्यायलं की काही तासांत दोन्ही खुणा अंगातल्या सगळ्या पाण्यात मिसळतात. तिथून ड्युटेरियमला बाहेर पडायला एकच वाट आहे, पाण्याची : लघवी, घाम, श्वासातली वाफ. ऑक्सिजन-१८ ला मात्र दोन वाटा आहेत, कारण रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी आपापसांत ऑक्सिजनची अदलाबदल करत असतात. तांबड्या पेशींमधलं कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर ती अदलाबदल इतकी झटपट करतं की श्वासातून गेलेला कार्बन डायऑक्साइड अंगातल्या पाण्याचाच ऑक्सिजन घेऊन जातो. त्यामुळे ऑक्सिजन-१८ थोडा जास्त वेगाने घटतो. दोन वेगांतला फरक म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि त्यावरून ऊर्जा.

ही अदलाबदल नेथन लिफसन आणि सहकाऱ्यांनी मिनेसोटात १९४९ साली दाखवली आणि १९५५ पर्यंत उंदरांवर पद्धत उभी केली. माणसावर ती यायला १९८२ उजाडलं, डेल शोलर यांच्या हातून. मधली वर्षं मुख्यतः पैशांची आणि यंत्रांची : माणसाच्या चाळीस लिटर पाण्याला पुरेल एवढा ऑक्सिजन-१८ परवडत नव्हता. मास स्पेक्ट्रोमीटर पुरेसे अचूक झाल्यावर थोड्या डोसमध्ये काम भागू लागलं. आजही खर्चाचा मोठा वाटा ऑक्सिजन-१८ चाच असतो, कारण पेट स्कॅनचं औषध बनवणाऱ्यांनाही हेच पाणी लागतं.

आता एका माणसाचा हिशेब मांडू. आकडे मी सोपे केले आहेत, पण फडावरच्या माणसाला शोभतील असेच ठेवलेत. वजन ५२ किलो, अंगातलं पाणी ३१.२ किलो, म्हणजे १७३१ मोल. हे पाणी अंदाजाने धरायचं नसतं, डोस किती पातळ झाला त्यावरूनच ते निघतं. सात दिवसांच्या नमुन्यांतून ड्युटेरियम घटण्याचा दर दिवसाला ०.२००० निघाला आणि ऑक्सिजन-१८ चा ०.२४१७. मी वापरते ते सूत्र असं, त्यात N म्हणजे अंगातल्या पाण्याचे मोल, kO आणि kD म्हणजे हे दोन दर आणि rCO2 म्हणजे दिवसाला सुटणारा कार्बन डायऑक्साइड :

```
rCO2 = 0.455 × N × (1.007 × kO − 1.041 × kD)
     = 0.455 × 1731 × (0.2434 − 0.2082)
     = 27.7 mol/day  ≈ 620 L/day
```

कंसातले १.००७ आणि १.०४१ हे गुणक का? ड्युटेरियम पाण्याबाहेरच्याही काही हायड्रोजनशी अदलाबदल करतो, म्हणून त्याला शरीर थोडं मोठं दिसतं. ते हे गुणक सांभाळतात. लिटरचे कॅलरीत रूपांतर करायला आहाराचा फूड कोशंट लागतो, म्हणजे ते अन्न जळताना सुटलेला कार्बन डायऑक्साइड भागिले लागलेला ऑक्सिजन. भाकरी-भाताच्या आहाराला मी ०.९० च्या आसपास धरते. मग एका लिटर कार्बन डायऑक्साइडला सुमारे ५.४९ किलोकॅलरी, आणि आपल्या माणसाचा दिवसाचा खर्च साधारण ३४०० किलोकॅलरी.

आता कंसाकडे पुन्हा बघा. ०.२४३४ मधून ०.२०८२ वजा केले, हाती उरले ०.०३५२. दोन मोठ्या आकड्यांतला हा छोटा फरकच आपलं सगळं भांडवल. ड्युटेरियमचा दर फक्त एक टक्क्याने चुकला, ०.२००० ऐवजी ०.२०२० आला, तर उत्तर सहा टक्क्यांनी घसरतं, म्हणजे दोनशे किलोकॅलरी गेल्या. तुम्हाला वाटणारी भीती ती हीच. पाणी जितकं जास्त फिरतं तितके दोन्ही आकडे मोठे होतात आणि फरक त्यांच्यात बुडू लागतो.

पण तोडणारा माणूस नुसता पाणी पीत नाही, कार्बन डायऑक्साइडही भरपूर सोडतो. त्यामुळे फरकही वाढलेला असतो. ऑफिसात बसणाऱ्या सत्तर किलोच्या माणसाचा हिशेब करून पाहिला तर ड्युटेरियमच्या दरातल्या त्याच एक टक्का चुकीने त्याचं उत्तर पाच टक्क्यांनी हलतं. सहा आणि पाच, फार अंतर नाही. खरा धोका जास्त पाणी पिऊन कमी हालणाऱ्यांचा. आपल्याच माणसाने तेवढंच पाणी पिऊन दिवसाला २४०० किलोकॅलरीच खर्च केल्या असत्या, तर तीच चूक आठ टक्क्यांपर्यंत गेली असती. तान्ह्या बाळांमध्येही हीच अडचण येते, त्यांचं पाणी वजनाच्या मानाने फार फिरतं. म्हणून प्रत्येक माणसाचे नुसते लिटर बघू नका, ऑक्सिजनच्या दराला ड्युटेरियमच्या दराने भागून बघा. आपल्या उदाहरणात ते १.२१ येतं. १.१ च्या जवळ घसरलं की त्या माणसाचा आकडा मी बाजूला काढते.

दिवसांचा प्रश्न याच हिशेबातून सुटतो. नियम साधा आहे : खुणेच्या एक ते तीन अर्धायुष्यांएवढा काळ मोजावा. थंड हवेत बसून काम करणाऱ्याच्या अंगात ऑक्सिजन-१८ चं अर्धायुष्य सहा दिवसांच्या आसपास असतं, म्हणून पुस्तकात चौदा दिवस. तुमच्या माणसात ते तीन दिवसांहूनही कमी आहे. डोसनंतर ऑक्सिजन-१८ नैसर्गिक पातळीच्या वर साधारण २९० पीपीएम चढतो. सात दिवसांनी त्यातले ५४ उरतात, चौदा दिवसांनी जेमतेम १०. आणि हे कशाच्या वर, तर निसर्गतः पाण्यात असलेल्या सुमारे २००० पीपीएमच्या वर. दोन हजारांवरचे दहा मोजायला चांगलं यंत्र पुरतं, पण ते दोन हजार स्वतः जागेवर असतील तर.

ते जागेवर नसतात, आणि माझी पहिली फेरी तिथेच फसली. टोळी मराठवाड्यातून आली, मुकादमाने सांगितलं की आता माणसं रिकामी आहेत, उद्यापासून फड सुरू होईल. आम्हाला वाटलं, याहून बरी वेळ कोणती! दुसऱ्याच दिवशी डोसआधीची लघवी घेतली आणि डोस दिले. ही माणसं गावी टँकरचं आणि बोअरचं पाणी पीत होती, इथे कॅनॉलचं प्यायला लागली. प्रत्येक पाण्याची स्वतःची नैसर्गिक सही असते. उन्हात तापलेल्या जलाशयातून हलके रेणू आधी उडतात आणि जड रेणू मागे राहतात. आठवडाभरात त्यांच्या अंगातलं बहुतेक पाणी कॅनॉलच्या पाण्याने बदललं, म्हणजे ज्या पायावर आम्ही उंची मोजत होतो तो पायाच सरकत होता.

किती फरक पडतो? पाया ऑक्सिजन-१८ मध्ये फक्त ५ पीपीएमने वर सरकला असं धरा. पावसाच्या पाण्यात ड्युटेरियमही त्याच्याबरोबर ठरावीक प्रमाणात सरकतो, म्हणून दोन चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खातात. तरी सात दिवसांच्या मोजणीत उत्तर सुमारे ८ टक्के कमी येतं. चौदा दिवसांच्या मोजणीत तीच चूक ३० टक्क्यांवर जाते, कारण शेवटच्या नमुन्यात खूण इतकी क्षीण झालेली असते की ५ पीपीएम तिच्या निम्मे भरतात. शिवाय बाष्पीभवन झालेल्या पाण्यात दोन खुणांचं प्रमाण पावसाच्या पाण्यासारखं राहत नाही, त्यामुळे चुका एकमेकींना पूर्ण खाण्याची आशाही धरू नका.

आम्हाला हे कळलं ते योगायोगाने. टोळीतल्या एका मुलाला ताप होता म्हणून डोस दिला नव्हता, पण बाकीच्यांबरोबर तोही रोज बाटली भरून देत होता. त्याला कुणी नको म्हटलं नाही. त्याच्या लघवीत काहीच बदलायला नको होतं, आणि सात दिवस ती रेषा वर चढत गेली. तेव्हापासून मी प्रत्येक तळावर दोन-तीन माणसं मुद्दाम बिनडोसची ठेवते. ती मोजणीची सर्वांत स्वस्त विमा-पॉलिसी आहे. आणि टोळी उतरल्यावर दोन आठवडे थांबते. ड्युटेरियमचं अर्धायुष्य साडेतीन दिवस धरलं, तर चौदा दिवसांत गावचं पाणी सहा टक्क्यांवर येतं. मधल्या काळात टोळी दुसऱ्या गावच्या फडावर गेली तर पाणी पुन्हा बदललं का ते विचारा, आणि पिण्याच्या पाण्याची बाटलीही नमुना म्हणून भरून ठेवा.

डोस देण्याचं तंत्र पुस्तकात असतंच, फडाला लागू पडतं तेवढंच सांगते. ५२ किलोच्या माणसाला साधारण ९४ ग्रॅम दहा टक्के ऑक्सिजन-१८ चं पाणी आणि सहा ग्रॅमच्या वर थोडं ड्युटेरियमचं पाणी, एकत्र एका बाटलीत. चव साध्या पाण्याचीच. बाटली आधी वजन करून नेलेली असते. पिऊन झाल्यावर त्याच बाटलीत दोनदा साधं पाणी घालून विसळून प्यायला लावायचं, नाहीतर आत राहिलेले थेंब हिशेबात फुकट जातात. पहाटे डोस देऊन चार-सहा तासांनी लघवी घ्या असं लिहिलेलं असतं. पण चार तासांनी तुमचा माणूस फडात असेल आणि लिटरभर घाम गाळून दोन लिटर पाणी पिऊन झालेला असेल. म्हणून मी डोस रात्री जेवणानंतर, झोपण्याआधी देते. डोसआधीचा नमुना त्याच संध्याकाळी. रात्रभरात पाणी अंगात नीट मिसळतं. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, कारण तिच्यात मिसळण्याआधीचंही साठलेलं असतं, आणि दुसरी घ्यायची. फक्त त्या रात्री ट्रक भरायची पाळी नाही ना, ते मुकादमाला आधी विचारा. ट्रक रात्री अकराला आला की मोजणी बारगळते.

प्रत्येक नमुन्यावर तारखेबरोबर मिनिटापर्यंतची वेळ लिहा. सात दिवसांची मोजणी असेल तर सहा तासांची गफलत दरात साडेतीन टक्क्यांची चूक करते. बाटलीचं झाकण घट्ट आणि वर पॅराफिल्म, कारण उघड्या बाटलीतून हलके रेणू आधी उडतात आणि नमुना आपोआप जड होतो. ऊन लागू देऊ नका, त्याच दिवशी गोठवा.

एक गंमत सांगते, तिचा उपयोग होईल. एका माणसाचा दिवसाचा खर्च पाच हजारांच्या जवळ आला. दोन्ही खुणांचे दर ठीक, दोन्ही खुणांना दिसलेल्या शरीराच्या आकारांचं गुणोत्तरही १.०३ च्या आसपास, म्हणजे लॅबमध्ये काही बिघडलेलं नव्हतं. पण अंगातलं पाणी वजनाच्या ८० टक्के निघालं. असा माणूस नसतो. पुन्हा जाऊन विचारलं तर म्हणाला, "औषध चांगलं आहे म्हणाला होतात ताई, म्हणून चार घोट हिलापण दिले." बायको शेजारी हसत होती. डोस कमी गेला की दर बदलत नाहीत, फक्त शरीर मोठं दिसतं आणि त्याबरोबर खर्चही फुगतो. खुणांचं गुणोत्तर ही चूक पकडत नाही, पाण्याची टक्केवारी पकडते. पुरुषात ती ५०–६५ च्या बाहेर गेली की डोसचा कागद आधी काढा. आणि "औषध" हा शब्द तेवढा टाळा. मी आता "मोजायचं पाणी" म्हणते. ऊसतोडीत जोडप्यालाच एक कोयता धरतात, तेव्हा वाटून घेणं ओघाने आलंच.

फूड कोशंटबद्दल थोडंच. परदेशी लेखांत ०.८५ धरलेला दिसतो. तोच उचलला तर आपल्या माणसाचा खर्च पावणेपाच टक्क्यांनी जास्त येईल. आहार विचारून स्वतःचा काढा. माणसं खाणं कमी सांगतात, पण भाकरी आणि कालवण दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी सांगितली तर गुणोत्तर बदलत नाही, त्यामुळे इथे ती चूक फारशी बाधत नाही. दारू मात्र लोक वगळून सांगतात आणि तिचा कोशंट ०.६७ आहे, तेव्हा ती वेगळी विचारा. हंगामात वजन उतरत असेल तर अंगातली चरबीही जळते आहे, तेव्हा आठवड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी त्याच काट्यावर वजन घ्या.

आणि गाइडना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा : सात दिवसांचा मिळून एकच आकडा हाती येणार आहे. तोडणीला किती गेले, भरणीला किती, की उसाची वाट बघत बसलेल्या दिवशी किती, हे डीएलडब्ल्यू सांगू शकत नाही. दोन्ही दरांच्या सरासरीतच सगळे दिवस विरघळलेले असतात. त्यासाठी दिवसाची डायरी आणि ते बँड लागतील, आणि विश्रांतीचा खर्च वेगळा मोजता आला तर फार बरं. ३४०० ला विश्रांतीच्या खर्चाने भागलं तरच हा माणूस कष्टकरी म्हणजे किती कष्टकरी हे कळतं. वजनावरून सूत्राने काढला तर विश्रांतीचा खर्च १४७५ च्या आसपास येतो आणि भागाकार २.३. पण ती सूत्रं आपल्याकडच्या माणसांसाठी अनेकदा जास्तच सांगतात, म्हणजे खरा भागाकार याहून वर असू शकतो. आयसीएमआर-एनआयएनने २०२० मध्ये जड काम करणाऱ्या पुरुषाला दिलेले ३४७० किलोकॅलरी हे ६५ किलोच्या माणसासाठी आहेत, आपला माणूस ५२ चा आहे. दोन आकडे शेजारी ठेवून "जुळतं की" असं लिहू नका.

नमुने किती घ्यावेत? डोसआधी एक, डोसनंतरच्या सकाळी दोन, चौथ्या दिवशी एक, आठव्या सकाळी दोन. दोनच टोकांवर काम भागतं, पण मधला नमुना असला की रेषा सरळ गेली की कुठे मोडली ते दिसतं. पैसे कमी पडले तर माणसं कमी करा, बिनडोसची माणसं कापू नका. विश्लेषणासाठी बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेत स्थिर समस्थानिकांचं काम बरीच वर्षं चालू आहे. डोस मागवण्याआधीच त्यांच्याशी बोला आणि डोसमधल्या पाण्याचाही थोडा नमुना त्यांना द्या, त्याशिवाय अंगातलं पाणी काढता येत नाही. तो नमुना विसरणारे मी दरवर्षी पाहते.